आणतो, पण म्हणत नाही

कापणीच्या सणाचं प्रवचन भरघोस वर्षी कुणीही करावं. वेदीपुढे भोपळे, बाजरीची कणसं, उसाची मोळी रचलेली असते, मंडळी आधीच खुशीत असते, पाळकाने फार बिघडवलं नाही म्हणजे झालं. पार दुष्काळ पडला तरी एका परीनं सोपं जातं. सगळे एकाच बाजूला असतात, विलापाचं एखादं स्तोत्र उघडायचं आणि सगळ्यांनी मिळून रडायचं. खरी कसोटी लागते ती पाऊस अर्धामुर्धा आणि वेडावाकडा झाला तर. तेव्हा एकाच बाकावर बसलेल्या दोन सख्ख्या भावांपैकी एकाच्या घरात आठ पोती असतात आणि दुसऱ्याच्या घरात कोंब फुटलेली कणसं. दोघांनाही मला एकाच तोंडाने सांगायचं असतं, की चला, देवाचे आभार मानू या.

मी नगर जिल्ह्याच्या पूर्व भागात, ओढ्याकाठच्या एका लहान मंडळीचा पाळक आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 साली सुरू झालं आणि पुढे गावोगाव मंडळ्या उभ्या राहिल्या. सणाचा आजचा घाट मात्र बराचसा इंग्लंडकडचा आहे. रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकाने 1843 साली कॉर्नवॉलमधल्या आपल्या मॉरवेन्स्टो गावी कापणीची उपासना ठेवली आणि तिथून ती प्रथा पसरली. तिकडे धान्य एकदा कोठारात गेलं की शेताचं मुख्य काम उरकतं, समोर हिवाळा असतो. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला सण येतो तेव्हा खरीप कसाबसा घरात आलेला असतो आणि रब्बीची ज्वारी नुकती पेरलेली किंवा पेरायची असते. निम्मं वर्ष अजून मातीखालीच असतं. म्हणून कोठारं भरल्याची गाणी लावून त्यांच्या मागोमाग तसंच प्रवचन केलं, तर ते आमच्या रानाला बसत नाही.

अशाच एका वर्षाचा हिशेब सांगतो, म्हणजे अडचण कळेल. मृगात पेरणीजोगा पाऊस झाला, लोकांनी बाजरी, सोयाबीन, तूर, कपाशी घातली. मग आर्द्रा कोरड्या गेल्या आणि पुनर्वसू-पुष्यही नुसते भुरभुरले. ओढ्याच्या वरच्या अंगाला आमच्याकडे मुरमाड जमीन आहे, खालच्या अंगाला काळी. मुरमाडीत ओल टिकत नाही, त्यामुळे वरच्या लोकांची बाजरी गुडघ्याएवढी असतानाच करपायला लागली. काळीने मात्र ओल धरून ठेवली, सोयाबीन फुलोऱ्यात उभं राहिलं आणि खालचे लोक निर्धास्त झाले. पुढे उत्तरा आणि हस्त असे कोसळले की काळीतून पाणी निघेना. सोयाबीन काढायला आलेलं, शेंगा झाडावरच फुगल्या आणि त्यांना मोड आले. कपाशी उभ्या उभ्या माना टाकायला लागली. वरच्या मुरमाडीतून तेच पाणी सरळ वाहून गेलं. तिथली उरलीसुरली बाजरी वाऱ्याला वाळली आणि तूर तर तरारून उठली.

म्हणजे पाऊस एकच होता. आधी त्याच्या नसण्याने वरचे मेले, नंतर त्याच्या असण्याने खालचे. आणि त्याच हस्ताच्या पावसाने सगळ्यांच्या ज्वारीसाठी जमिनीत भरपूर ओल करून ठेवली. मालदांडी पेरायची तर अशी ओल लागतेच, पण काळीत वापसाच येईना. वर तिफणी चालू झाल्या होत्या आणि खालचे लोक बांधावर उभे राहून चिखलाकडे बघत होते.

सरकारदरबारी या सगळ्याचा एक आकडा होतो. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आली की टंचाई, वर राहिली की नाही. आकडा गावाचा असतो, रानाचा नसतो. महसुलाला कुठेतरी सरासरी काढावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रवचन मात्र सरासरीवर करता येत नाही. ‘यंदा देवाने आपल्याला बऱ्यापैकी दिलं’ हे वाक्य पैसेवारीसारखं आहे, ते गावाला लागू पडतं आणि बाकावर बसलेल्या कुणालाच लागू पडत नाही.

म्हणून अशा वर्षी मी आधी पवित्र शास्त्र उघडत नाही. सणाच्या आधीच्या पंधरवड्यात जमेल तेवढ्या घरांच्या रानात जाऊन येतो. वहीत घरागणिक एवढंच लिहितो, की काय पेरलं होतं, काय आलं, काय गेलं आणि पुढे काय पेरणार. ज्यांना जमीन नाही त्यांच्या नावापुढे मजुरीचे दिवस लिहितो. सोयाबीन बुडालं म्हणजे काढणीची उचल बुडाली, आणि हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. ऊसतोडीला कोण कधी निघणार तेही टिपतो, कारण टोळ्या गेल्यानंतर सण ठेवला तर मंडळीतले सगळ्यांत गरीब लोकच उपासनेला नसतात. ही वही व्यासपीठावर जात नाही. पण ती नसली तर प्रवचनातलं प्रत्येक वाक्य अंदाजाने बोलल्यासारखं होतं, आणि शेतकऱ्याला समोरच्याचा अंदाज लगेच ओळखू येतो.

मग उतारा निवडायचा. इथे मोह फार होतात.

पहिला मोह आमोसाच्या चौथ्या अध्यायाचा. एका गावावर पाऊस पडला, दुसऱ्यावर नाही, एक शेत भिजलं आणि दुसरं वाळलं, असं तिथे सरळ लिहिलेलं आहे. आमच्या ओढ्याचंच वर्णन वाटावं. पण तो उतारा आरोपपत्र आहे, पाऊस अडवून धरणारा देव तिथे लोकांना जाब विचारतो. मी तो वाचला की काळीतला माणूस मनात लगेच म्हणणार, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं. आणि अध्यायाची सुरुवात पाहिली तर जाब विचारलाय तो शोमरोनातल्या गरिबांना पिळणाऱ्या सुखवस्तू बायकांना. तोच उतारा सोयाबीन सडलेल्या मजुराच्या अंगावर टाकणं म्हणजे आमोसाला उलटा टांगणं आहे. दशमांश थकला म्हणून पीक गेलं, असं सुचवणारी प्रवचनं मी ऐकली आहेत. ती ऐकताना बायका पदर तोंडाशी नेतात आणि पुरुष दाराबाहेरच्या चपलांकडे बघतात.

दुसरा मोह हबक्कूकचा, आणि तो जास्त फसवा आहे, कारण उतारा अतिशय सुंदर आहे. अंजीर फुललं नाही, वेलीला द्राक्ष नाही, जैतूनाने दगा दिला, शेतात अन्न नाही, मेंढवाडा आणि गोठा रिकामा, आणि तरीही तो आनंद करतो. अर्धं पीक गेलेल्या वर्षी महाराष्ट्रातल्या कितीतरी व्यासपीठांवरून हाच वाचला जात असेल. माझा आक्षेप एवढाच, की हबक्कूक हे स्वतःबद्दल बोलतो. तो त्याचा स्वतःचा निश्चय आहे, दुसऱ्याला दिलेला आदेश नाही. आठ पोती बाजरी घरात असलेल्याने तो कोंब फुटलेल्याला म्हणून दाखवायचा नसतो. आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या पाळकाने तर नाहीच. तो म्हणायचा हक्क ज्याचा गोठा रिकामा झाला त्याचा. त्याने आपणहून म्हटला तर बाकीच्यांनी ऐकावा.

मी अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायाशी येऊन थांबलो. पहिल्या उपजाची टोपली घेऊन शेतकरी याजकाकडे येतो, याजक ती वेदीपुढे ठेवतो आणि मग बोलतो तो शेतकरी. ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. आभाराचं भाषण याजकाला दिलेलंच नाही. शेतकरीही पिकाचं वर्णन करीत बसत नाही. आपला बाप भटका होता इथून तो सुरू करतो, मिसरातला जाच, वेठबिगार, आरोळी असं सगळं सांगतो आणि शेवटी एका ओळीत टोपलीवर येतो. म्हणजे उपकारस्तुतीचा बराचसा भाग दुःखाने भरलेला आहे, आणि ते दुःख झाकून मग आभार मानायचे असं कुठेही नाही. टोपलीत किती असावं तेही सांगितलेलं नाही.

पुढची वाट मला धर्मविद्यालयात असताना वाचलेल्या मिश्नाने दाखवली. यहुदी गुरूंच्या तोंडी परंपरेतले नियम इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झाले, त्यात पहिल्या उपजावर ‘बिक्कूरीम’ नावाचं एक प्रकरण आहे. ख्रिस्ती पाळक सहसा तिकडे फिरकत नाहीत, पण शेतकऱ्यांची नस त्या लोकांना बरोबर कळलेली होती. तिथे एक नियम असा: सप्ताहांच्या सणापासून मांडवांच्या सणापर्यंत टोपली आणणारा माणूस ती आणतो आणि भाषणही म्हणतो. त्यानंतर उशिरा आणणारा टोपली आणतो, पण म्हणत नाही. आणखी एक नियम: ज्याचा झरा आटला किंवा झाड तोडलं गेलं, तोही आणतो, पण म्हणत नाही.

या नियमाने माझा सगळा गुंता सुटला. देणं आणि बोलणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या होत्या. ज्याच्या शेताचा आधारच गेला त्याला वेदीपर्यंत येण्याचा हक्क पूर्ण आहे, त्याची टोपलीही पूर्ण मानाने घेतली जाते. पण आनंदाचे शब्द त्याच्या तोंडात कुणी कोंबत नाही. आमच्या उपासनेत नेमकं याच्या उलट होतं. ज्याने काही आणलं नाही त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि ‘हालेलूया’ मात्र सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतला जातो.

त्याच ठिकाणी यहूदा नावाच्या एका गुरूचं मत वेगळं नोंदवलेलं आहे. तो म्हणतो, झरा आटला तरी हा माणूस आणतो आणि म्हणतोही. दोन्ही मतं शेजारी ठेवली आहेत, हे मला फार आवडतं. आमच्या मंडळीत एक आजी आहेत. अतिवृष्टीत त्यांची विहीर ढासळली, मोटर आत गाडली गेली. मी त्यांना म्हणालो, ‘आजी, यंदा तुम्ही नाही बोललात तरी चालेल.’ त्या म्हणाल्या, ‘पाळकसाहेब, विहीर गेली, वाचा नाही गेली. मी बोलणार.’ त्यांना गप्प बसवणारा मी कोण? मोकळीक दोन्ही बाजूंनी हवी.

प्रवचन मी बारा मिनिटांचं केलं. एरवी वीसपर्यंत जातं. त्या आठवड्यात काळीत नुकता वापसा येत होता आणि वापसा कुणासाठी थांबत नाही. एक दिवस चुकला तर वरचा थर टणक होतो आणि तिफण चालत नाही. अशा रविवारी पाळक चाळीस मिनिटं बोलला तर लोकांनी पुढच्या वर्षी यावं कशाला?

सुरुवातीच्या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. ‘यंदाच्या पावसाबद्दल देवाचे आभार’ असं म्हणता येत नव्हतं, आणि ‘पाऊस जरी कमी-जास्त झाला तरी’ हे तर त्याहून वाईट. त्या ‘तरी’मध्ये माणसाचं अख्खं नुकसान एका हिसक्यात मागे ढकललं जातं. शेवटी मी पावसाचा नुसता वृत्तान्त सांगितला. आर्द्रात ओढ्याच्या वर काय झालं, हस्तात खाली काय झालं, कुठे काय उभं राहिलं आणि कुठे काय सडलं. माणसांची नावं नाहीत, पिकांची आणि नक्षत्रांची नावं. हे मी मंडळीला सांगत नव्हतो, तिला ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. ते वेदीपुढे, देवाच्या कानावर घालत होतो, जसा तो सव्विसाव्या अध्यायातला शेतकरी मिसरातला जाच सांगतो. दोन बाकं सोडून बसलेल्या एकाने मधेच ‘खरंय’ म्हटलं. अशा वेळी आलेलं ‘खरंय’ मला ‘आमेन’पेक्षा जास्त सांगतं. ‘आमेन’ सवयीनेही येतं.

मग टोपलीचा नियम सांगितला, झरा आटलेल्याचा आणि यहूदा गुरूचाही. आणि म्हणालो, आज पुढे येताना कुणी काही बोलावं असं नाही. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, ज्याला नुसतं ठेवायचं त्याने ठेवावं, ज्याच्याकडे ठेवायला नाही त्याने नुसतं यावं.

पण इथे एक धोका असतो आणि तोही मिश्नाच दाखवतं. पूर्वी ज्यांना भाषण पाठ होतं ते स्वतः म्हणत आणि ज्यांना येत नसे त्यांना कुणीतरी सांगत असे. न येणाऱ्यांना त्याची लाज वाटायला लागली आणि त्यांनी टोपल्या आणणंच सोडून दिलं. तेव्हा ठरलं, की येवो न येवो, सगळ्यांनाच सांगायचं आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं. म्हणजे मोकळीक देतानाही ती घेणारा उघडा पडता कामा नये. आठ जण बोलले आणि दोघे गप्प राहिले, तर त्या दोघांच्या गप्प बसण्याची गावभर चर्चा होणारच. म्हणून आम्ही भटक्या बापापासूनचा वृत्तान्त, ज्यात कुणाच्या पिकाचा उल्लेख नाही, सगळ्यांनी मिळून म्हटला. स्वतःच्या रानाबद्दल बोलायचं ते टोपली ठेवताना, हळू आवाजात, ज्याचं त्याने. ध्वनिक्षेपक तेवढा वेळ बंद ठेवला. पेटीवाल्याला सांगितलं, सूर धरून ठेव, गाणं लावू नकोस.

लोक आले. कुणी तुरीच्या हिरव्या शेंगांची फांदी आणली, कुणी चार अंडी. एका तरुणाने कोंब फुटलेल्या सोयाबीनची झुडपंच उपटून आणली, मुळांना चिखल तसाच होता. ती त्याने पाटावर भोपळ्यांच्या शेजारी ठेवली आणि काही न बोलता जाग्यावर जाऊन बसला. मी ती झुडपं बाजूला सरकवली नाहीत. पाटावरची माती नंतर पुसता येते.

प्रवचनाचा शेवट मी पुढच्या वर्षाच्या आश्वासनाने केला नाही. टोळांनी खाल्लेली वर्षं भरून देण्याचं योएलातलं वचन आहे, पण ते देवाने द्यायचं आहे आणि त्यावर सही करण्याचा अधिकार मला नाही. लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायात मात्र सणांच्या यादीच्या मधोमध एक वचन येतं, की कापणी करताना शेताचे कोपरे कापू नका, सरवा गोळा करू नका, ते गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या. सणांच्या तारखांमध्ये हे कशाला, असा प्रश्न पडतो. पण सणाच्या दिवशीच ते सांगायचं, म्हणून ते तिथे आहे. म्हणून माझा शेवट तीन साध्या विनंत्यांवर झाला. वरच्या अंगाच्या ज्यांची पेरणी उरकली त्यांनी आपली बैलजोडी किंवा ट्रॅक्टर खालच्यांना वापसा असेपर्यंत द्यावा. मालदांडीचं बियाणं एकरी चार किलो लागतं, ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी सांगावं. आणि फाल्गुनात ज्वारी निघाली की कडब्याच्या काही पेंढ्या गोठे रिकामे व्हायला आलेल्यांसाठी बाजूला ठेवाव्यात. पीकविम्याची आणि पंचनाम्याची माहिती प्रवचनात नको, ती उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये. पण सांगायची नक्की.

उरला लिलाव. आमच्याकडे उपासनेनंतर पाटावरच्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या फंडात जातात. चांगल्या वर्षी मजा येते, पाच रुपयांचा भोपळा पाचशेला जातो आणि पोरंसोरं टाळ्या पिटतात. अशा वर्षी मात्र लिलाव म्हणजे कुणाकडे काय आलं आणि कुणाकडे किती पैसे आहेत याचं जाहीर वाचन होऊन बसतं. एका घराने बाजारातून बाजरी विकत आणून पाटावर ठेवल्याचं मला माहीत होतं, कारण पिशवीवर दुकानाचा शिक्का होता. प्रवचनातून काहीही सांगा, लिलावात पुकारा झाला की ते सगळं पुसलं जातं.

त्यावर कमिटीत बरीच वादावादी झाली. लिलाव बंद करा असं माझं म्हणणं नव्हतं, मंडळीच्या छपराचा खर्च त्यातूनच निघतो. शेवटी ठरलं ते असं: वस्तू पुकारायची, ती कुणी आणली हे पुकारायचं नाही. हा नियम आता चांगल्या वर्षालाही लागू आहे.